रिपोर्टात ‘मल्टिसिस्टिक डिस्प्लास्टिक किडनी’ किंवा ‘हॉर्सशू किडनी’ असं लिहून आलंय? (आमच्या सोनोग्राफी केंद्राचं ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पित्ताशयात खडे आहेत का बघायला आलात आणि रिपोर्टात भलतंच काहीतरी छापून आलं. किंवा पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या एका किडनीबद्दल दोन ओळी जास्त निघाल्या. अशा वेळी घरी जाईपर्यंत मोबाईलवर नाही नाही ते वाचून होतं आणि संध्याकाळी आमचा फोन वाजतो. त्या फोनवर जे सांगायला आम्हाला पंधरा मिनिटं लागतात, ते इथे लिहून ठेवलंय. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. रिपोर्टातल्या शब्दांचा अर्थ मात्र आम्हीच सांगायला हवा, कारण ते आम्हीच लिहिलेले असतात.

आधी एका शब्दाचा घोळ

‘मल्टिसिस्टिक’ आणि ‘पॉलिसिस्टिक’ हे दोन वेगळे आजार आहेत. पॉलिसिस्टिक किडनी हा घराण्यातून येणारा विकार. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही किडन्यांमध्ये वयाबरोबर पाण्याच्या गाठी वाढत जातात. मल्टिसिस्टिक डिस्प्लास्टिक किडनीत बहुधा एकच किडनी गर्भातच नीट घडत नाही. तिच्या जागी लहानमोठ्या पाण्याच्या पिशव्यांचा द्राक्षाच्या घडासारखा पुंजका तयार होतो. ती लघवी तयार करत नाही आणि पुढेही करणार नाही. बहुतेक वेळा घरात दुसऱ्या कोणाला हे नसतं, आणि गरोदरपणात काही खाल्ल्या-प्यायल्यामुळे झालं असंही नसतं. सासूबाई सोबत आल्या असतील तर हे वाक्य आम्ही मुद्दाम मोठ्याने सांगतो.

सोनोग्राफी करताना आमचं लक्ष दोन गोष्टींकडे असतं. पिशव्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, हे आधी बघतो. जोडलेल्या असून मधल्या मोठ्या पोकळीत उघडत असतील, तर ती मल्टिसिस्टिक किडनी नसून लघवी अडल्यामुळे फुगलेली किडनी असू शकते. तिचं काम वाचवता येतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा. त्याहून जास्त वेळ जातो तो दुसरी किडनी बघण्यात. बिघडलेल्या किडनीचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. बाळाचं पुढचं आयुष्य दुसऱ्या किडनीवर आहे.

एक उदाहरण, पहिल्या सोनोग्राफीपासून पुढे

समजा, वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत डाव्या बाजूला पिशव्यांचा पुंजका दिसला. उजवी किडनी व्यवस्थित आहे आणि गर्भजलही पुरेसं आहे. या टप्प्यावर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. म्हणजे पाणी पुरेसं असणं ही उजवी किडनी काम करत असल्याची चांगली खूण. बाकी अवयव ठीक असतील, तर फक्त या कारणासाठी प्रसूती लवकर किंवा सिझेरियनने करण्याची गरज नसते.

बाळ जन्मल्यावर लगेच त्याच दिवशी सोनोग्राफीला आणू नका. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या अंगात पाणी कमी असतं, त्यामुळे दुसऱ्या किडनीत सूज असली तरी ती कमी दिसते किंवा दिसतच नाही. आठवडाभराने केलेली तपासणी जास्त भरवशाची. (लघवीच होत नसेल किंवा बाळ आजारी असेल तर अर्थातच वाट बघायची नाही.) किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनचंही तसंच. पहिल्या काही दिवसांतला आकडा बराचसा आईचा असतो.

आपल्या उदाहरणात आठवड्याभराच्या बाळाचा डावा पुंजका 4.8 सेंटिमीटर आणि उजवी किडनी 5.2 सेंटिमीटर भरली. नवजात बाळाची किडनी साधारण साडेचार सेंटिमीटरची असते. म्हणजे उजवी आधीच दोघींचं काम अंगावर घ्यायला लागली आहे. ही वाढ आम्हाला हवी असते. ‘किडनी मोठी झालीय’ हे वाचून एका आजोबांनी पेढे परत नेले होते. तसं करू नका.

यानंतर बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे किडनीतज्ज्ञ डीएमएसए स्कॅन सांगू शकतात. त्यात डावी बाजू कोरी दिसते आणि ती किडनी काम करत नाही हे पक्कं होतं. एमसीयू म्हणजे नळी घालून केलेली लघवीच्या पिशवीची तपासणी. पूर्वी ती सरसकट व्हायची. आता बहुतेक ठिकाणी दुसऱ्या किडनीत सूज असेल किंवा तापासह लघवीचा संसर्ग झाला असेल, तरच ती करतात. दुसऱ्या बाजूला लघवी उलटी वर चढण्याचा दोष अशा काही मुलांमध्ये आढळतो, पण बहुतेकदा तो सौम्य असतो आणि वयाबरोबर जातो.

आपलं बाळ वर्षाचं झालं. उजवी किडनी 7 सेंटिमीटर, डावा पुंजका साडेतीन. दोन वर्षांनी तो दोनवर आला आणि पाचव्या वर्षी दिसेनासाच झाला. पिशव्यांतलं पाणी शरीरात जिरून जातं. निम्म्याच्या आसपास मुलांमध्ये पाच वर्षांपर्यंत हे घडतं. पुंजका जितका लहान, तितका तो लवकर जिरतो. काहींचा मात्र कायम राहतो, आणि म्हणून काही बिघडत नाही. पूर्वी पुढे कर्करोग होईल किंवा रक्तदाब वाढेल या धास्तीने ही किडनी ऑपरेशन करून काढत असत. दोन्ही धोके फारच कमी असल्याचं दिसल्यावर सरसकट काढणं थांबलं. पुंजका वाढतच चालला, त्यात भरीव भाग दिसला किंवा रक्तदाब चढला, तर तो वेगळा विचार.

दिसेनाशी होणं म्हणजे बरी होणं नाही. पालकांची सर्वात मोठी गल्लत इथेच होते. ‘गाठी गेल्या’ म्हणून तपासण्या बंद होतात. मूल मात्र एका किडनीवर आहे आणि जन्मभर त्याच एकीवर राहणार आहे. एकटी किडनी पुष्कळ वर्षं छान काम करते. पण जास्तीचा भार सोसत राहिल्याने काहींच्या लघवीतून पुढे प्रथिनं जायला लागतात किंवा रक्तदाब वाढतो, आणि यातलं काहीच दुखत नाही. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन. एवढं मोठेपणीही चालू ठेवायचं. मुलाचा रक्तदाब मोजताना पट्टा त्याच्या दंडाच्या मापाचा हवा. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच चढा येतो.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. किडनी आणि गर्भाशयाची घडण गर्भात शेजारी-शेजारी होते, म्हणून काही मुलींच्या गर्भाशयात त्याच बाजूला दोष असतो. पाळी सुरू होण्याच्या सुमारास ओटीपोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. पाळी आल्यावर दर महिन्याला वाढत जाणारं तीव्र दुखणं असेल तर लगेच. (हे गर्भातच सांगा असं कोणी म्हणू नये. मुलगा की मुलगी हे आम्ही सांगत नाही आणि कायद्याने सांगताही येत नाही.)

आता तेच मूल वीस वर्षांचं झालंय आणि दुसऱ्या गावी पोटदुखीसाठी सोनोग्राफी होते. रिपोर्ट येतो, ‘डावी किडनी आढळली नाही.’ जुना कागद हाताशी असेल तर हे दोन मिनिटांत उलगडतं. नसेल तर नव्याने स्कॅन, नवा खर्च आणि नवी घबराट. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवा.

हॉर्सशू किडनी

ही साधारण पाचशे माणसांत एकाची असते, पुरुषांमध्ये जास्त. गर्भात किडन्या ओटीपोटातून वर सरकत असताना त्यांची खालची टोकं एकमेकींना चिकटतात. तो जोडपट्टा आतड्याला रक्त पुरवणाऱ्या एका रक्तवाहिनीखाली अडकतो, आणि घोड्याच्या नालेच्या आकाराची ही किडनी खालीच राहते. दोन्ही बाजू काम करत असतात. ज्यांना ही असते त्यातल्या कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

सोनोग्राफीत ती निसटतेही. मधला पट्टा पोटातल्या गॅसमागे लपतो आणि आम्हाला फक्त ‘किडन्या जरा खाली, खालची टोकं आत वळलेली’ इतकंच दिसतं. कधी तो पट्टा वाढलेल्या गाठींसारखा भासतो. म्हणून शंका आली तर आम्ही तुम्हाला रिकाम्या पोटी पुन्हा बोलावतो.

इथे प्रश्न निचऱ्याचा असतो. नेहमीच्या किडनीतून लघवी आतल्या बाजूने बाहेर पडते. इथे तिचं तोंड पुढे असतं आणि नळीला पट्ट्यावरून वळसा घेऊन उतरावं लागतं. निचरा मंदावला की खडे आणि संसर्ग दोन्ही वाढतात. पण रिपोर्टातली ‘सौम्य सूज’ म्हणजे अडथळाच असं नाही. पोकळी पुढे असल्यामुळे ती तशीही फुगीर दिसते. खरा अडथळा आहे का, हे लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन केलेल्या आयसोटोप स्कॅनमध्ये कळतं. सूज दिसली म्हणून थेट ऑपरेशनला होकार देण्याआधी या स्कॅनबद्दल विचारा.

खडा झाला तर दुखणं कमरेऐवजी बेंबीच्या आसपास जाणवू शकतं आणि ते ‘गॅस’ म्हणून अंगावर काढलं जातं. बाहेरून लाटांनी खडा फोडला तरी तुकडे सहज वाहून जात नाहीत. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञ बऱ्याचदा दुर्बिणीचा मार्ग सुचवतात.

काहीच त्रास नसेल, सूज नसेल, खडा नसेल, तर दरवर्षी सीटी स्कॅनची गरज नाही. रक्तदाब, लघवीची तपासणी आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने सोनोग्राफी पुरते. लहान मुलांत किडनीच्या एका विशिष्ट कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणून पोटात गोळा लागला किंवा लघवीत रक्त आलं तर थांबू नये. मुलीची उंची वयाच्या मानाने फार कमी असेल आणि किडनी अशी असेल, तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी डॉक्टरांना विचारावी.

दोन प्रसंगी मात्र ही माहिती तुम्ही स्वतः सांगितली पाहिजे. पोटाचं, मोठ्या रक्तवाहिनीचं किंवा पुढून मणक्याचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला, कारण तो पट्टा वाटेतच असतो आणि जादा रक्तवाहिन्याही असतात. आणि पोटावर जोरात मार बसला तर तपासणाऱ्या डॉक्टरांना, कारण मधला पट्टा मणक्यावर दाबला जाऊन दुखावू शकतो.

कधी थांबायचं नाही

एकच किडनी असो की हॉर्सशू, तान्ह्या बाळाला सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर द्या. चिकटवलेल्या पिशवीतला नमुना त्वचेवरच्या जंतूंनी खराब होतो, म्हणून लघवीची मधली धार भांड्यात धरलेली बरी. उलट्या-जुलाबात पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी स्वतःहून घेऊ नका, मुलांनाही देऊ नका. लघवी एकदम कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या सोनोग्राफीला येताना मोठ्यांनी लघवी भरलेली ठेवून यावं, तान्ह्यांना दूध पाजून आणावं. आणि जुने रिपोर्ट आणा, फोटोसकट. किडनी किती सेंटिमीटरची आहे यापेक्षा मागच्या वेळेपासून किती वाढली हे आम्हाला जास्त सांगतं.