पॅरोल, फर्लो आणि माफी: शिक्षेतले कोणते दिवस मोजले जातात

घरचं माणूस आत असलं की सगळे एकच विचारतात, पॅरोल कधी मिळेल. पण पॅरोल, फर्लो आणि माफी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सुटकेच्या तारखेवर तिघांचा परिणाम वेगळा होतो, त्यामुळे अर्ज करायच्या आधी एवढं तरी माहीत पाहिजे. खाली जे आहे ते महाराष्ट्रापुरतं.

जेलच्या कागदावर फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. फर्लोला कारण लागत नाही, ठराविक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक चांगली असली की माणसाचा घराशी संबंध टिकावा म्हणून ती देतात. पॅरोलला मात्र कारण लागतंच, घरात मृत्यू, मुलाबहिणीचं लग्न, आईवडील किंवा बायको गंभीर आजारी, बाळंतपण, पुरात घर पडलं असं काहीतरी. माफी म्हणजे रजा नव्हे, शिक्षेतून कमी होणारे दिवस. फर्लो आणि पॅरोल दोन्ही 1959 च्या फर्लो आणि पॅरोल नियमांतून आलेत, त्यात 2018 ला मोठी दुरुस्ती झाली. दिवसांची मर्यादा अधूनमधून बदलते, म्हणून सध्या किती दिवस चालू आहेत ते जेलच्या न्यायविभागातच विचारा.

आता मोजणी. समजा एकाला 10 वर्षं झाली आणि शिक्षा 1 मार्च 2020 ला सुरू झाली, म्हणजे सुटका 28 फेब्रुवारी 2030 ला. मधे तो 28 दिवस फर्लोवर आला तर तारीख हलत नाही, कारण फर्लोचे दिवस शिक्षेतली सूट म्हणूनच धरतात. तोच 45 दिवस पॅरोलवर आला तर ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, ते नंतर आत काढावे लागतात आणि सुटका जाते 14 एप्रिल 2030 वर. आणि चांगल्या वागणुकीची, कामाची मिळून 60 दिवसांची माफी त्याच्या खात्यावर जमली असेल तर तीच तारीख 13 फेब्रुवारीवर येते. म्हणून फर्लो बसत असेल तर आधी फर्लोच मागा, पॅरोल खऱ्या अडचणीसाठी ठेवा.

अर्ज कैदी स्वतः आतून करतो, जेल अधीक्षकांमार्फत. घरच्यांनी बाहेरून कागद पोचवायचे: ज्या पत्त्यावर राहणार तो पत्ता आणि तिथलं पोलीस स्टेशन, जामीनदाराचं आधार आणि रेशनकार्ड, नात्याचा पुरावा, आणि पॅरोल असेल तर कारणाचा कागद, म्हणजे मृत्यूचा दाखला, लग्नपत्रिका किंवा दवाखान्याचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर नुसतं आजारी आहे लिहून भागत नाही, आजार काय, ऑपरेशन कधी, सोबत माणूस का लागतो हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

बहुतेक अर्ज अडकतात ते पोलीस रिपोर्टवर. फिर्यादी त्याच गावात राहतो, आला तर भांडण होईल असं लिहून आलं की अर्ज नामंजूर. अशा वेळी दुसऱ्या तालुक्यातला मामा किंवा बहीण जामीनदार आणि तिथलाच पत्ता दिला तर तो आक्षेप बराच सैल होतो. नामंजुरीचा आदेश लेखी घ्या, त्यातलं कारण बघून हायकोर्टात रिट करता येते आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. फर्लो हा हक्क मात्र नाही, सुप्रीम कोर्टाने 2021 ला नारायण साईच्या केसमधे ते स्पष्ट केलंय. आणि परत जायला उशीर करू नका हो, जमलेली माफी कापतात, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि पुढची रजा अवघड होते.

जन्मठेपेचं गणित वेगळं. 14 वर्षांनी आपोआप सुटतो हा गैरसमज आहे, जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, सरकारने मुदतपूर्व सोडलं तरच सुटका. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष 14 वर्षं भरल्याशिवाय सरकार असं सोडू शकत नाही आणि जेलमधे जमलेली माफी त्या 14 मधे धरत नाहीत. पॅरोलचंही तसंच, गोव्याच्या कैद्यांच्या केसमधे जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 14 वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. सोडायचा अधिकार जिथे खटला चालला त्या राज्याचा, म्हणून बिल्किस बानो केसमधे गुजरातने दिलेली माफी 2024 ला रद्द झाली, खटला मुंबईत चालला होता. आणि माफी मिळाली तरी दोषी ठरवल्याचा निकाल पुसला जात नाही, फक्त उरलेली शिक्षा भोगावी लागत नाही.

फेब्रुवारी 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा मुदतपूर्व सुटकेसाठी विचार अर्जाची वाट न बघता करायचाय. तरीही वर्षं भरत आली की अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि आतापर्यंतचे पॅरोलचे दिवस व जमलेली माफी किती याचा हिशोब मागून घ्या.