प्रातिनिधिक दावा

एकाच कृत्यामुळे किंवा एकाच निर्णयामुळे अनेकांचे सारखे नुकसान झाले असता त्यांपैकी एकाने किंवा काहींनी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःसाठी आणि इतर सर्वांसाठी दाखल केलेल्या दिवाणी दाव्यास प्रातिनिधिक दावा म्हणतात. भारतात त्याचा मुख्य आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १, नियम ८ हा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ मध्ये आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४५ मध्ये याच कल्पनेची वेगवेगळी रूपे आढळतात. वर्तमानपत्रांत या सर्वांना सरसकट ‘क्लास ॲक्शन’ म्हटले जाते. जनहित याचिका मात्र वेगळी. ती संविधानाच्या अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली येते आणि याचिकाकर्त्याचे स्वतःचे नुकसान झालेले असावेच लागते असे नाही. प्रातिनिधिक दाव्यातील वादी हा स्वतः त्या समूहातला असावा लागतो.

सामान्य नियम असा, की ज्याचे हित गुंतले आहे त्या प्रत्येकाला दाव्यात पक्षकार करावे. शेकडो माणसे गुंतली की तो पाळणे अशक्य होते; नोटिसा बजावण्यात आणि मृत पक्षकारांचे वारस नोंदवण्यातच वर्षे जातात. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांनी त्यावर काढलेला तोडगा आपल्या संहितेत आला. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : संबंधित व्यक्ती पुष्कळ असाव्यात आणि दाव्यातील त्यांचे हित समान असावे. ‘पुष्कळ’ म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात नाही. न्यायालयांतील खरा वाद बहुतेक वेळा ‘समान हित’ या शब्दांभोवतीच फिरतो.

वादकारण म्हणजे ज्या घटनांमुळे दावा करण्याचा हक्क निर्माण होतो त्या घटना. समान हित म्हणजे समान वादकारण नव्हे. १९७६ च्या दुरुस्तीने नियम ८ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात हे स्वच्छ सांगितले आहे. १९९० मध्ये तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडून दाखवला. मद्रासमधील अशोकनगर येथे अल्प उत्पन्न गटाच्या योजनेत घरे मिळालेल्यांकडे मंडळाने नंतर जादा रक्कम मागितली. मागणीपत्र प्रत्येकाला स्वतंत्र गेले होते, म्हणून प्रत्येकाचे वादकारण स्वतंत्र आहे आणि एकाला सर्वांच्या वतीने दावा करता येणार नाही, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. अशी मागणी मंडळाला करता येते का, हा प्रश्न सर्वांना समान आहे आणि तेवढे पुरे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

याची दुसरी बाजू २०२१ च्या ब्रिगेड एंटरप्रायझेस प्रकरणात दिसते. बंगळुरूतील १,१३४ सदनिकांच्या संकुलात ५१ सदनिका घेतलेल्या ९१ जणांनी ताबा उशिरा मिळाल्याबद्दल भरपाई मागणारी ग्राहक तक्रार सर्वच खरेदीदारांच्या वतीने केली. इमारती अनेक, त्यांच्या पूर्णत्वाच्या तारखा निरनिराळ्या, आणि सर्वांचे हित समान कसे हे तक्रारीत नीट मांडलेलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तिला प्रातिनिधिक मानण्यास नकार दिला. मात्र त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालू ठेवता येईल असे सांगितले. वादपत्र लिहिणाऱ्या वकिलाला दोन्ही निर्णय एकत्र वाचावे लागतात. ‘मागणी वैध आहे का’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर असते. ‘माझा किती महिने उशीर झाला’ या प्रश्नाला मात्र ते घरागणिक बदलते.

पद्धत कशी चालते हे इंदूरच्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. शहराच्या बायपासपलीकडे एका विकासकाने १६० भूखंडांची कॉलनी पाडली आहे, असे समजू. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांतील बऱ्याच मराठी कुटुंबांनी तेथे भूखंड नोंदवले. कित्येकांची मुले नोकरीनिमित्त पुण्याला असल्याने काही भूखंड त्यांच्या नावे आहेत. पूर्ण किंमत भरून झाल्यावर विकासकाने सर्वांना पत्रे पाठवली, की प्रति चौरस फूट २०० रुपये ‘अतिरिक्त विकास शुल्क’ भरल्याशिवाय रजिस्ट्री होणार नाही. हजार चौरस फुटांच्या भूखंडामागे ही रक्कम २ लाख रुपये होते. एका माणसाने एवढ्यासाठी एकट्याने वर्षानुवर्षे न्यायालयात खेटे घालावेत, हे सहसा घडत नाही; सगळे भूखंड सारख्याच आकाराचे धरले तर विकासकाच्या बाजूला मात्र ३ कोटी २० लाख रुपये पणाला लागलेले असतात. एक निवृत्त शिक्षिका आणि दोन शेजारी वादी व्हायला तयार होतात.

पहिले काम करारनामे गोळा करण्याचे. ते टाळले, तर दावा पुढे नेमका तिथेच अडतो. येथे असे आढळते, की १३० जणांच्या करारात ‘ठरलेली किंमत अंतिम राहील’ हे कलम आहे. नंतर नोंदणी केलेल्या ३० जणांच्या करारात विकास खर्च वाढल्यास तो मागण्याचा अधिकार विकासकाने राखून ठेवला आहे. या ३० जणांना वरवर पाहता तोच अन्याय सोसावा लागत असला तरी त्यांचे हित कायद्याच्या दृष्टीने समान नाही. उलट, १३० जणांचा मुख्य युक्तिवाद ‘आमच्या करारात तसे कलम नाही’ हाच असल्याने तो या ३० जणांच्या विरोधातच जातो. म्हणून वादपत्रात समूहाची व्याख्या ‘कॉलनीतील सर्व भूखंडधारक’ अशी न करता ‘अंतिम किमतीचे कलम असलेल्या करारांचे सर्व भूखंडधारक’ अशी करावी लागते. संख्या मोठी दिसावी म्हणून व्याख्या ऐसपैस ठेवण्याचा मोह होतो. प्रतिवादीचा वकील हल्ला करतो तो त्याच जागी.

दाव्यात काय मागायचे हेही या व्याख्येवरून ठरते. ही मागणी करारबाह्य आहे असे घोषित करावे आणि त्या कारणावरून रजिस्ट्री अडवण्यास मनाई करावी, या दोन मागण्या सर्वांना सारख्या लागू पडतात. ज्या काहींनी घाबरून पैसे आधीच भरले त्यांना घोषणेचा उपयोग होतो, पण कोणी किती आणि केव्हा भरले याचा पुरावा ज्याचा त्याला द्यावा लागतो. रस्ता न झाल्याने घर बांधायला उशीर झाला आणि घरभाडे अंगावर पडले, अशी कोणाची तक्रार असेल तर ती या दाव्यात घुसडणे धोक्याचे असते, कारण अशी एक मागणीदेखील सगळ्या दाव्याच्या समानतेवर प्रश्न उभा करते.

वादपत्रासोबत नियम ८ खाली परवानगीचा अर्ज शपथपत्रासह दिला जातो. परवानगी नंतरही मिळू शकते, परंतु ती आरंभीच मागणे शहाणपणाचे. परवानगी दिली की न्यायालयाने सर्व संबंधितांना दाव्याची सूचना देणे बंधनकारक असते आणि तिचा खर्च वादीला सोसावा लागतो. शक्य तेथे सूचना व्यक्तिशः द्यायची. संख्येमुळे किंवा अन्य कारणाने ते व्यवहार्य नसेल तर जाहीर सूचना. इंदूरमध्ये अशी सूचना बहुधा हिंदी दैनिकात निघते. ती पुण्यात राहणाऱ्या भूखंडधारकाच्या दृष्टीस पडेलच असे नाही. वाटपाची यादी पत्त्यांसह हाती असताना केवळ जाहिरातीवर भागवले, तर पुढे कोणीही ‘मला कळलेच नाही’ म्हणून उभा राहू शकतो. १३० रजिस्टर्ड पत्रांचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. दावा कशाबद्दल आहे, कोणाच्या वतीने आहे आणि काय मागितले आहे, हे वाचणाऱ्याला सूचनेवरूनच कळले पाहिजे.

सूचनेला इतके महत्त्व का, याचे उत्तर नियम ८ च्या सहाव्या उपनियमात आहे : निकाल ज्यांच्या वतीने दावा झाला त्या सर्वांवर बंधनकारक असतो. कलम ११ च्या सहाव्या स्पष्टीकरणाने त्याला पूर्वन्यायाचे तत्त्व जोडले आहे. वादी हरले, तर कधीही न्यायालयात न आलेल्या भूखंडधारकालाही तोच प्रश्न पुन्हा उपस्थित करता येत नाही. अपवाद एवढाच, की दावा प्रामाणिकपणे लढवलेला असला पाहिजे. नियमात सांगितलेली परवानगी व सूचना यांची पूर्तता झाली नसेल तर निकाल इतरांना बांधत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३३ मध्येच स्पष्ट केले होते. अमेरिकेत १९६६ पासून भरपाईच्या समूह दाव्यात सदस्याला ठरावीक मुदतीत बाहेर पडता येते. आपल्या नियम ८ मध्ये तशी सरळ सोय नाही. ज्याला वादींचा भरवसा वाटत नाही त्याने अर्ज करून स्वतः पक्षकार व्हावे, एवढाच मार्ग तिसऱ्या उपनियमात आहे. माझ्या मते ही या नियमाची सर्वांत मोठी उणीव आहे.

समूहाला भरपाई मिळवून देणे हीही आपल्या व्यवस्थेला अवघड जाणारी बाब आहे. सत्यम प्रकरणाने ते उघडे पाडले. २००९ मध्ये त्या कंपनीचा हिशेबांतील घोटाळा बाहेर आल्यावर अमेरिकी बाजारात तिचे रोखे घेतलेल्यांना तेथील समूह दाव्यातल्या तडजोडीतून १२.५ कोटी डॉलर मिळाले. भारतीय भागधारकांना तसा मार्गच नव्हता. कलम २४५ त्यानंतर आले आणि १ जून २०१६ पासून अमलात आले. मात्र ते कंपनीच्या सभासदांसाठी आणि ठेवीदारांसाठी आहे, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालते आणि त्यासाठी किमान संख्येची किंवा भागभांडवलाची अट आहे. भूखंडधारकाला त्याचा उपयोग नाही.

अशा दाव्याला हरण्याइतकाच धोका आतून फुटण्याचा असतो. आपल्या उदाहरणात सुनावणी लांबल्यावर विकासक तिन्ही वादींना बोलावतो आणि त्यांची रजिस्ट्री विनाशुल्क करून देण्याची तयारी दाखवतो. बदल्यात दावा मागे घ्यायचा. साध्या दाव्यात हे पक्षकारांच्या मर्जीवर असते. येथे मात्र चौथा उपनियम आडवा येतो : दावा किंवा त्याचा भाग सोडून देणे, मागे घेणे अथवा तडजोड करणे यांपैकी काहीही सर्व संबंधितांना पुन्हा सूचना दिल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि त्याही सूचनेचा खर्च वादींवरच. आदेश २३, नियम ३ख अन्वये तडजोडीस न्यायालयाची नोंदवलेली परवानगी लागते. तिच्याविना केलेली तडजोड शून्य ठरते. सूचना मिळालेल्यांपैकी कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. वादी तारखांना हजरच राहीनासे झाले किंवा पुरावा द्यायला टाळाटाळ करू लागले, तर पाचव्या उपनियमाखाली न्यायालय त्यांच्या जागी समान हित असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला आणू शकते. शिक्षिकाबाई दाव्याच्या काळात निवर्तल्या तरी केवळ त्या कारणाने समूहाचा दावा संपुष्टात येत नाही. उरलेले दोघे तो पुढे चालवतात, आणि तेही नसतील तर त्या १३० जणांपैकी दुसरा कोणी अर्ज करून त्यांची जागा घेतो.