आवंढा गिळायचा कसा?

निवृत्तीच्या भाषणाचा कागद घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मी आवाजाच्या उपचारांचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत घसा बसलेलेच जास्त असतात, भाषणाचा कागद घेऊन फारसं कुणी येत नाही. खुर्चीत बसता बसताच त्या म्हणाल्या, "मॅडम, मी रडणार हे नक्की आहे. बोलता येईल का, तेवढं सांगा."

मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्यांनी नकळत दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. आपण रडू येणं आणि आवाज जाणं एकच समजतो, शरीरात मात्र त्यांचे रस्ते निराळे आहेत. डोळ्यांतून पाणी वाहत असताना स्पष्ट बोलता येतं. उलट डोळे कोरडे ठणठणीत असूनही कंठातून शब्द फुटेनासा होतो.

आधी कंठाचं पाहू. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर जातात, बोलताना जवळ येतात. फुफ्फुसातली हवा त्यांच्यामधून निसटू लागली की ते थरथरतात, आणि हीच थरथर म्हणजे आवाज. ती पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा होते, स्त्रियांत 200च्या आसपास. त्यासाठी लागणारा हवेचा दाब अगदी थोडा असतो. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ पाच ते दहा सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात साधं बोलणं भागतं.

भावना दाटून आली की शरीर जणू पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. जास्त हवा आत यावी म्हणून स्वरतंतूंमधली फट रुंद होते. नेमक्या त्याच वेळी आपल्याला बोलायचं असतं, म्हणजे ती फट मिटायला हवी असते. थुंकी गिळायची तरी ती मिटावीच लागते. एक स्नायू उघडू पाहतोय आणि बाकीचे मिटू पाहतायत, अशी ओढाताण सुरू होते. घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे. तिथे गोळा नसतो, असतो तो ताण.

आवाज कापतो त्यालाही हेच कारण. आपल्या सगळ्या स्नायूंना एरवीही एक बारीक कंप असतोच, ॲड्रेनलिनमुळे तो मोठा होतो. हातातला कागद फडफडतो, तसाच छातीतून येणारा दाबही हलत राहतो. एवढ्याशा दाबावर चालणाऱ्या यंत्राला तो हेलकावा लगेच जाणवतो.

अशा वेळी मंचाजवळ बसलेलं कुणीतरी हमखास सांगतं, "दीर्घ श्वास घ्या." सल्ला मायेचा असला तरी या क्षणी तो उलटा पडतो. श्वास आत घेणं म्हणजे फट आणखी उघडणं. शिवाय छाती गच्च भरली की हवा बाहेर ढकलली जायचा जोर वाढतो, आणि तो आवरता आवरता घसा अधिकच आवळला जातो. अशा वेळी हवा आत घेण्याआधी बाहेर सोडायला हवी.

आपल्या भाषेत याला "आवंढा गिळणे" म्हणतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तोच उपाय आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू घट्ट मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. मग स्वरयंत्र खाली येतं आणि बहुतेक वेळा आपसूक थोडा श्वास बाहेर पडतो. म्हणजे उघडं राहू पाहणारं दार एकदा नीट लावलं जातं. भाषणाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवतात, त्याचा खरा उपयोग हा. पाण्याने घसा ओला होतो हे खरं, पण ते पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. ते त्यांच्या मागच्या अन्ननलिकेत उतरतं. उपयोगी पडतं ते गिळणं.

तेव्हा क्रम असा: शब्द अडला की तिथेच थांबायचं, अर्धा शब्द पुढे रेटायचा नाही. ओठ मिटायचे, नाकातून हवा हळू बाहेर जाऊ द्यायची, मग गिळायचं, घोटभर पाणी असलं तर उत्तमच. त्यानंतर नाकाने लहानसा श्वास घ्यायचा आणि नेहमीपेक्षा किंचित खालच्या पट्टीत बोलायला लागायचं. याला पाच-सात सेकंद लागतात.

बोलणाऱ्याला ती पाच-सात सेकंद संपता संपत नाहीत. सगळ्यांना माझी धडधड ऐकू येतेय, असं वाटत राहतं. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली याच भासावर प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणाऱ्यांना आपली घबराट जितकी उघडी पडलीय असं वाटत होतं, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती. गंमत म्हणजे, असा भास होतो एवढं ज्यांना आधी सांगितलं, त्यांची भाषणंच अधिक चांगली झाली.

आता डोळ्यांकडे येऊ. अश्रुग्रंथीला रडण्याचा निरोप पोचवणाऱ्या नसा स्वरतंतू हलवणाऱ्या नसांहून वेगळ्या आहेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात दोन बारीक छिद्रं असतात, त्यांतून अश्रू नाकात उतरतात. पापणी मिटली की पंपासारखं ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून डोळे ताणून उघडे धरण्यापेक्षा शांतपणे चार-दोनदा मिटणं बरं. पाणी फारच वाढलं की ते गालावर येतं. येऊ द्यावं, आवाजाचं त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते रडू दाबल्याने. रडू दाबायचं म्हणजे आपण प्रत्यक्षात काय करतो? जबडा आवळतो, जीभ मागे खेचतो, श्वास कोंडतो. हे तिन्ही ताण स्वरयंत्रावरच येतात. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना दुःखद चित्रफीत बघताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलं होतं. त्यांचं दुःख त्यामुळे कमी झालं नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला. त्या बाईंना मी तेवढंच सांगितलं की डोळ्यांची राखण सोडा, श्वास सांभाळा.

मग आम्ही कागद हातात घेतला. मनातल्या मनात वाचून काही कळत नाही, कारण त्यात ना श्वास लागतो ना स्वरतंतू. मी त्यांना उभं करून मोठ्याने वाचायला लावलं आणि फोनवर आवाज टिपून घेतला. पहिल्या वाचनात त्या तीन ठिकाणी अडल्या. चार दिवस रोज एकदा असं वाचल्यावर दोन जागा आपोआप सुटल्या, कारण तेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारलं की त्याची धार कमी होते. तिसरी जागा काही केल्या सुटेना. ते वाक्य असं होतं: "ज्या मोठ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी हाताला धरून टेबलापाशी नेलं, त्या आज हे बघायला आपल्यात नाहीत."

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इथे सगळं दुःख "नाहीत" या शब्दात आहे, आणि तो येईपर्यंत श्वास संपत आलेला असतो. वाक्याच्या टोकाला आवाजाची पट्टी आणि हवेचा दाब तसेही उतरतात. म्हणजे सर्वांत जड शब्द सर्वांत कमी हवेवर उचलायचा! शिवाय तो येतोय हे तेरा-चौदा शब्द आधीपासून दिसत असतं. आम्ही ते वाक्य मोडलं: "मोठ्या बाई आज नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून टेबलापाशी नेलं होतं. 'बस इथे' म्हणाल्या." आता जड शब्द ताज्या श्वासावर येतो, चार शब्दांत उरकतो, आणि पुढची वाट उताराची असते.

या नव्या वाक्याची सुरुवात "म"ने होते, हेही कामाचं. थांबून पुन्हा सुरू करताना पहिला शब्द स्वराने सुरू होत असेल तर ताणलेले स्वरतंतू एकमेकांवर आदळतात आणि आवाज फाटतो. "म" म्हणताना ओठ मिटलेले असतात, आवाज नाकातून घुमत येतो आणि तंतू हलकेच थरथरू लागतात. आता आपल्या समारंभांतलं ठरीव वाक्य बघा: आज आपण इथे एकत्र आलो आहोत. एकूण एक शब्द स्वराने सुरू होतो! कंठ दाटलेल्या माणसासाठी याहून गैरसोयीची सुरुवात मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. "मंडळी" म्हणावं, "मला" म्हणावं. फक्त नाक आधीच भरलं असेल तर "म"चा "ब" होतो आणि "मन"चं "बद". तेव्हा "ह" बरा, "हे सांगायचं होतं" असा.

कागदावर आम्ही त्या वाक्याआधी लाल रेघ मारली. तिथे थांबायचंच, कंठ दाटो वा न दाटो. अक्षरं मोठी करून घेतली, कारण डोळ्यांत पाणी आलं की बारीक अक्षर पुसट होतं. कागद पुठ्ठ्यावर लावला, म्हणजे हाताची थरथर माइकपर्यंत पोचायला नको.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती मी त्यांना आधीच सांगितली. आवंढा गिळता येतो, हुंदका गिळता येत नाही. हुंदक्यात श्वासपटल झटके देतं आणि आत येणारा श्वासच तुकड्या-तुकड्यांनी येतो. हीच ओळखायची खूण. श्वास एकसंध येत असेल तर गिळून पुढे बोलता येईल. तो दोन-तीन हिसक्यांत आला, तर बोलायचा प्रयत्न करू नये, केला तर पुढचा हुंदका मोठा येतो. बसावं, मिनिटभर जाऊ द्यावं, नाहीतर कागद शेजारच्याच्या हाती द्यावा. त्यासाठी एक सहकारी आधी ठरवून ठेवले होते, त्यांच्याकडे दुसरी प्रत होती.

ती प्रत लागली नाही. समारंभानंतर बाई ध्वनिमुद्रण घेऊन आल्या. लाल रेघेपाशी आपण अर्धा मिनिट तरी गप्प होतो, लोक कंटाळले असतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही ते लावलं आणि घड्याळ धरलं. सात सेकंद निघाली. त्यात कुणाची तरी खुर्ची करकरते, पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि मग जरा घोगरा, पण न फाटलेला "मोठ्या" ऐकू येतो.