रिक्रूटरने कागदपत्रे मागितली की घाईत काय चुकते

"रिक्रूटरचा मेल आलाय, सगळं आजच हवंय" असा फोन आम्हाला वरचेवर येतो. रेझ्युमे आमच्याकडून करून घेतलेल्या मंडळींचाही येतो, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे: सापडेल तसे पाठवत राहणे. एक मेल आत्ता, दोन दुपारी, उरलेले रात्री. यात तत्परता दिसते खरी, पण काम पुढे सरकत नाही. रिक्रूटर तुमची कागदपत्रे स्वतःसाठी मागत नसतो. तो ती कंपनीच्या एचआरकडे किंवा पडताळणी करणाऱ्यांकडे पाठवतो, आणि बहुतेक वेळा संच पूर्ण झाल्यावरच पाठवतो. त्यामुळे पहिला कागद दहा मिनिटांत गेला तरी तुमचा क्रमांक लागतो शेवटचा कागद पोहोचेल तेव्हा.

आमच्या एका ग्राहकाचे असेच झाले. सोमवारी सकाळी मागणी आली: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर, पदवी प्रमाणपत्र आणि दोन रेफरन्स. रात्रीपर्यंत त्यांचे पाच मेल गेले होते. स्लिपांना पासवर्ड होता आणि तो कळवलेला नव्हता. पदवीचा फोटो एकाच बाजूचा होता. गुरुवारी रिक्रूटरने विचारले, "रिलीव्हिंग लेटर मिळाले नाही." ते तिसऱ्या मेलमध्ये होते, पण फाइलचे नाव होते `IMG_1834.jpg`. मग ग्राहक मूळ कागद घेऊन आमच्याकडे आले. तासाभरात आम्ही हा संच बांधला:

```
01_Salary_Slips_Jan-Mar.pdf
02_Relieving_Letter.pdf
03_Degree_Both_Sides.pdf
04_References.pdf
```

क्रम रिक्रूटरच्या मेलमधलाच ठेवला, म्हणजे समोरच्याला यादी आणि फाइल एकेक जुळवत जाता येते. प्रत्येक नावाच्या शेवटी उमेदवाराचे नावही जोडले, वरच्या यादीत ते गाळले आहे; कारण फाइल डाउनलोड झाली की मेलपासून तुटते आणि दहा जणांची `Degree.pdf` एकाच फोल्डरात जाऊन पडते. तीन स्लिपा मिळून एक फाइल केली, पण सगळे कागद मिळून एक फाइल केली नाही. एचआरला प्रत्येक कागद पोर्टलवर वेगळ्या जागी चढवावा लागतो. एकत्र फाइल दिली तर ती त्यांनाच फोडावी लागते. पासवर्ड काढून टाकला. मग रिक्रूटरच्या मूळ मेललाच उत्तर म्हणून सगळे एकदम पाठवले. शुक्रवारी संच कंपनीकडे गेला. सोमवारी दुपारीही गेला असता.

मोबाइलचा फोटो स्पष्ट असताना पुन्हा स्कॅन कशाला, असे ग्राहक विचारतात. फोटोत सावली पडते, कडा कापली जाते, आणि नेमका शिक्का किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक कडेलाच असतो. शिवाय फोटो जड असतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे; ती ओलांडली की फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते, आणि परवानगी द्यायची राहिली तर समोरच्याला ती उघडत नाही. म्हणून आम्ही मूळ कागदच मागतो. त्यावर आम्ही काहीही खोडत किंवा दुरुस्त करत नाही, तशी विनंती कृपया करू नका.

एखादा कागद हातात नसेल तर त्याच्यासाठी बाकीचे अडवून धरू नका. मेलमध्ये स्पष्ट लिहा की रिलीव्हिंग लेटर अजून मिळालेले नाही, अमुक तारखेपर्यंत मिळेल, तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल जोडला आहे. काय कमी आहे आणि कधी येणार हे ठाऊक असले की रिक्रूटर कंपनीशी बोलू शकतो.

रेफरन्सची फाइल मात्र आम्ही एकट्याने करू शकत नाही. नाव, हुद्दा, तुमच्याशी कामाचा संबंध, कोणत्या काळात, ऑफिसचा ईमेल, फोन आणि बोलायला सोयीची वेळ एवढे एका पानावर बसते. पण त्या व्यक्तीला आधी फोन करून विचारायचे काम तुमचेच. पूर्वकल्पना नसलेले साहेब अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि उचलला तरी तुम्ही कोणते काम केले होते ते आठवेपर्यंत फोन संपतो. सध्याच्या कंपनीत राजीनामा दिला नसेल तर तिथल्या वरिष्ठांचे नाव देऊ नका. आधीच्या कंपनीतले द्या, आणि कारण रिक्रूटरला सांगा. ते कारण त्यांच्या परिचयाचे असते.

मुलाखतींच्या फेऱ्या सुरू झाल्या की मूळ कागद आमच्याकडे एकदा स्कॅन करून घ्या. संच तुम्हाला पेनड्राइव्हवर देतो. मागणी आली की फक्त नव्या महिन्याची स्लिप जोडायची राहते. आयत्या वेळी आलात तरी काम करू, पण त्या दिवशी आधीपासून वेळ घेतलेल्यांचे काम झाल्यावर. येताना रिक्रूटरचा मेल जसाच्या तसा दाखवा, तोंडी यादी नको.