कमोड खुर्चीवर किती वेळ बसायचे? व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या घरच्यांसाठी माहिती

कमोड खुर्ची घरी नेल्यावर पहिल्या महिन्यात येणाऱ्या फोनमधली नेहमीची तक्रार अशी: "सीट टोचते, बैठकीला लाल झालंय, बदलून द्या." लातूर, धाराशिव, बीडकडे आमचा माणूस सीट पाहायला येतो तेव्हा सीट चांगलीच असते. किती वेळ बसवता, असे विचारले की उत्तर येते, "पोट साफ होईपर्यंत. कधी पाऊण तास, कधी तास." दुखणे इथेच आहे, आणि सीट बदलून ते जात नाही.

कमोडच्या सीटला मधे भोक असते. त्यामुळे सगळा भार भोकाच्या कडेवर, म्हणजे मांड्यांच्या मागच्या बाजूवर आणि बसायच्या हाडांभोवती येतो, आणि भोकात कुल्ले ओढले जाऊन माकडहाडाजवळची कातडी ताणली जाते. आपल्याला दहा मिनिटांत टोचते आणि आपण बूड हलवतो. ज्याला कमरेखाली कळत नाही, तो हलत नाही. म्हणून बसायची मर्यादा २० मिनिटांची ठेवा, फार तर ३०. सीट कितीही जाड असली तरी हा हिशेब बदलत नाही, आमच्याकडच्या महागड्या सीटचाही नाही.

मग एवढ्या वेळात पोट साफ कसे होणार? काम खुर्चीवर बसून सुरू करायचे नाही, पलंगावर सुरू करायचे. वेळ जातो तो सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची गोळी, विरघळून आतडे हलेपर्यंत थांबण्यात, आणि ते थांबणे आडवे राहून करता येते.

समजा पाठीच्या कण्याची इजा डी १० जवळची, म्हणजे छातीच्या खालच्या भागातली आहे, पायांत झटके येतात, आणि डॉक्टरांनी दिवसाआड बिसाकोडिलची सपोझिटरी लिहून दिली आहे. सकाळी पावणेसातला गरम चहा आणि सोबत काही खायला द्या. पोटात काही गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करते, आणि हा जोर सकाळी सर्वांत जास्त असतो. सात-सव्वासातला पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, गुडघे थोडे पोटाकडे घ्या. शेवटचे आतडे डावीकडून खाली उतरते, म्हणून डावी कूस. नखे कापलेल्या हातात मोजा घाला, बोटाला पाण्यात मिसळणारी जेली लावा आणि आत हळूच पाहा. खडा हाताला लागला तर तो आधी काढा. सपोझिटरी शौचात रुतली तर निकामी जाते, ती आतड्याच्या भिंतीला टेकलेली हवी. वेष्टन काढायला विसरू नका, हेही घडते. मग १५ ते २० मिनिटे तसेच कुशीवर राहू द्या.

त्यानंतर खुर्चीवर. तोवर गोळीचा परिणाम सुरू झालेला असतो. पाऊल पूर्ण टेकलेले हवे आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर. पायटा फार खाली असेल तर पायांखाली पाट ठेवा, पाय लोंबते राहिले की मांडीच्या मागे भोकाची कड रुतते. शक्य असेल तर मांडीवर उशी घेऊन पुढे झुकवा, पण पट्टा बांधून आणि माणूस जवळ ठेवून. उजव्या ओटीपोटापासून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली असा तळहाताने पोटाला हलका चोळ द्या. काही येत नसेल तर बोट दोन-अडीच सेंटिमीटर आत घालून १५ ते २० सेकंद भिंतीला लागून हळूहळू गोल फिरवा. ५ ते १० मिनिटे थांबून पुन्हा. ही पद्धत आधी डॉक्टर किंवा नर्सकडून एकदा हाताने शिकून घ्या. शौच येणे थांबले आणि बोटाला फक्त चिकट पाणी लागले की काम झाले. अर्धा तास होऊनही झाले नाही तर पेशंटला पलंगावर आणून उरलेले कुशीवर करा, खुर्चीवर ताणत बसू नका.

वेळ रोज तीच पाळा. सकाळी आवरणे जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर चालेल, पण या आठवड्यात सकाळ आणि पुढच्यात रात्र असे नको. दोन-तीन दिवस काही झाले नाही आणि मग पातळ पाणी झिरपू लागले, तर बहुधा ते जुलाब नसतात. आत खडा अडकून बाजूने पाणी गळत असते. जुलाब थांबवायची गोळी घरच्या घरी देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात असे जास्त होते, कारण लघवी कमी व्हावी म्हणून पाणी कमी दिले जाते आणि शौच दगडासारखे होते. मे महिन्यात सपोझिटरीही फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर वेष्टनातच वितळते.

हे सगळे सर्वांना लागू नाही. इजा कमरेत खाली असून पाय लुळे आणि गुदद्वार सैल असेल, तर सपोझिटरीचा आणि बोट फिरवण्याचा उपयोग फार होत नाही. तिथे साधारण रोज, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे, बोटाने शौच काढावे लागते आणि ते पलंगावरच सोयीचे. अशा घरांना आम्ही महागडी खुर्ची घेऊ नका असेच सांगतो. अंघोळीसाठी साधी खुर्ची पुरते.

इजा डी ६ किंवा त्याच्या वर, म्हणजे छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर एक धोका लक्षात ठेवा. बोट घालताना डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, इजेच्या वर घाम सुटला किंवा अंगावर काटा आला, तर लगेच थांबा. पेशंटला ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी वाकलेली किंवा भरलेली पिशवी नाही ना ते पाहा, आणि बरे वाटेना तर तातडीने दवाखान्यात न्या. रक्तदाब एकदम वर जातो, हे नुसते घाबरणे नव्हे.

शौच झाल्यावर कातडी. कोमट पाण्याने धुवा, पण पाणी आधी आपल्या कोपराने पाहा, पेशंटला चटका कळत नाही. मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. पावडर टाकू नका, घड्यांत तिचे गोळे होतात. शौच लागून जिथे जळजळते तिथे झिंक ऑक्साइडचा पातळ थर पुरतो. पलंगावर परतल्यावर बसायची हाडे, माकडहाड आणि मांड्यांच्या मागे पाहा. लाल दिसले तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरे पडून पुन्हा लाल होत असेल तर अर्ध्या तासाने परत पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जांभळट डाग, ऊब किंवा कडकपणा शोधा. डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार अजिबात देऊ नका, बेडसोर असाच सुरू होतो. खुर्चीवर घेताना अंग ओढू नका, उचला. ओढण्यानेही कातडी आतून फाटते.

बेडसोरसाठी हवा भरायची गोल ट्यूब मागायला लोक येतात. आम्ही ती ठेवत नाही, कारण तिच्या कडेभोवती रक्त अडते आणि जखम वाढू शकते. वापरलेली सीट स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही, पण तुमच्या खुर्चीच्या मापाचे मऊ, धुता येणारे कव्हर आणि पुढून उघडी सीट बनवून देतो. हात घालायला पुढून उघडी सीट सोपी पडते.

फोन करताना चार गोष्टी सांगा: इजा कुठली, खुर्चीवर किती मिनिटे बसवता, डाग नेमका कुठे, आणि बसल्यावर पाय टेकतात का. बाथरूमच्या दाराची रुंदी आणि शौचकूपाची उंचीही मोजून ठेवा, म्हणजे खुर्ची दारात अडकणार नाही.