पाकिटावरचे '20 ग्रॅम' आले कुठून? खाद्यपदार्थांच्या लेबलची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत नमकीन दोन वाटांनी येते. रोजच्या पोह्यांवर भुरभुरायची लौंग शेव ठरलेल्या दुकानातून तोलून घेतली जाते, तर पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवायची किंवा रेल्वेच्या प्रवासात न्यायची शेव बहुधा सीलबंद पाकिटातली असते. पदार्थ तोच असला तरी पाकिटाच्या पाठीवर एक बारीक अक्षरांतला तक्ता छापलेला असतो आणि तोलून दिलेल्या पुडीवर काहीच नसते. हा तक्ता आज ज्या रूपात दिसतो ते रूप त्याला गेल्या पंधरा-सतरा वर्षांतच आले आहे. त्यातला सर्वांत गोंधळात टाकणारा भाग म्हणजे 'सर्व्हिंग साइझ', एका वेळी खाण्याचे माप; त्याला इतके महत्त्व नियमांतल्या एका सवलतीमुळे आले.

जुन्या काळाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा आणि 1955 चे त्याखालील नियम यांना मुख्यतः भेसळीची काळजी होती. पाकिटात काय आहे, किती आहे आणि ते कोणी बनवले हे ग्राहकाला व निरीक्षकाला कळावे, एवढाच लेबलचा उद्देश होता. घटक उतरत्या क्रमाने लिहिण्याची अट त्याच चौकटीतली आहे. पोषणमूल्ये छापण्याची सक्ती मात्र बरीच उशिरा, 2008 च्या दुरुस्तीने आली. त्याआधीच, 2006 साली, अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला होता आणि त्याखालचे पॅकेजिंग व लेबलिंगचे नियम ऑगस्ट 2011 पासून लागू झाले.

या 2011 च्या नियमांपाशी थांबायला हवे. उष्मांक, प्रथिने, कर्बोदके, साखर आणि स्निग्धांश यांचे आकडे 100 ग्रॅमला द्यावेत, 100 मिलिलिटरला द्यावेत किंवा एका सर्व्हिंगला द्यावेत, असे तीन पर्याय नियमाने उत्पादकापुढे ठेवले. सर्व्हिंगला आकडे दिले तर ते सर्व्हिंग किती ग्रॅमचे हे लिहिणे बंधनकारक होते, पण ते किती ग्रॅमचे असावे यावर काहीच बंधन नव्हते. परिणाम व्हायचा तोच झाला. दुकानाच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांपैकी एकावर 100 ग्रॅमचे आकडे आणि दुसऱ्यावर 15 किंवा 20 ग्रॅमचे, असे चित्र दिसू लागले. घाईत वाचणाऱ्याला दुसरे पाकीट पाचपट हलके वाटणार, हे उघड आहे. नियम कोणी मोडला नव्हता. नियमातच ती मोकळीक होती. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे 1985 पासून उपलब्ध होती आणि त्यांत 100 ग्रॅमचा आकडा हा पाया व सर्व्हिंगचा आकडा ही जोड मानलेली होती. हे पाहता 2011 ची मोकळीक ही मसुद्यातली साधी ढिलाई होती की उद्योगाची सोय, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवण्यात आला. तेथे 1990 च्या कायद्यानंतर प्रत्येक खाद्यप्रकारासाठी लोक एका बैठकीत साधारण किती खातात, याचे तक्ते सरकारनेच ठरवून दिले. त्यामुळे उत्पादकाला सर्व्हिंग आपल्या मर्जीने लहान करता येत नाही. लोकांचे खाणे वाढले तेव्हा 2016 मध्ये ते तक्तेही बदलले आणि आइस्क्रीमचे सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेले. तिथल्या लेबलवर सर्व्हिंगचा आकडा प्रमुख असूनही तुलना शक्य होते, ती या तक्त्यांमुळे. आपण सर्व्हिंग घेतले, पण तक्ते घेतले नाहीत.

भारतातली दुरुस्ती 2020 च्या लेबलिंग नियमांनी झाली. आता मूल्ये 100 ग्रॅमला किंवा 100 मिलिलिटरला द्यायची, आणि त्याशिवाय एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो हेही सांगायचे, अशी रचना आली. दिवसाची गरज सरासरी प्रौढासाठी ठरवून दिली आहे: 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम स्निग्धांश, त्यात 22 ग्रॅम संपृक्त, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ. पाकिटात किती सर्व्हिंग आहेत हेही लिहावे लागते. एक पळवाट तरीही उरली. एका वेळी संपवायच्या छोट्या पाकिटावर 100 ग्रॅमऐवजी संपूर्ण पाकिटाचे आकडे चालतात. पाच-दहा रुपयांच्या पुडीचे आकडे मोठ्या पाकिटाशी ताडून पाहायचे असतील, तर आकड्याला पुडीच्या वजनाने भागून 100 ने गुणावे लागते. सर्व्हिंग किती धरायचे, हे मात्र अजूनही बहुतांशी उत्पादकाच्याच हाती आहे.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर इशारा असावा की नाही, हा वाद याच काळात समांतर चालला. 2018 च्या मसुद्यात जास्त स्निग्धांश, साखर वा मीठ असेल तर त्या घटकाच्या आकड्याचा चौकोन लाल छापावा असा प्रस्ताव होता. 2020 च्या अंतिम नियमांत तो आला नाही. 2022 मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा पुढे आला, आणि 2024 मध्ये साखर, मीठ व संपृक्त स्निग्धांश ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव. 100 ग्रॅम लोणचे कोणी एका वेळी खात नाही, मग त्याला 100 ग्रॅमच्या मापाने का तोलायचे, असा युक्तिवाद या वादात नेहमी केला जातो. लोणच्यापुरता तो रास्त आहे. शेवेच्या बाबतीत तो कितपत टिकतो, हे हिशेब करून पाहण्यासारखे आहे.

समजा, 200 ग्रॅमचे लौंग शेवेचे पाकीट आहे. हे आकडे कोणा एका उत्पादकाचे नाहीत, पण तळलेल्या शेवेला शोभतील असे आहेत. 100 ग्रॅमला 576 किलोकॅलरी, प्रथिने 14 ग्रॅम, कर्बोदके 40, स्निग्धांश 40, त्यातला संपृक्त 17 आणि सोडियम 900 मिलिग्रॅम. खाली लिहिलेले असते: सर्व्हिंग 20 ग्रॅम, पाकिटात 10 सर्व्हिंग. टक्क्यांच्या रकान्यात त्यामुळे ऊर्जा सुमारे 6 टक्के, स्निग्धांश 12, संपृक्त 15 आणि सोडियम 9 टक्के, असे सौम्य आकडे दिसतात. पोह्यांवर चिमूटभर जिरावन आणि मूठभर शेव घातली तर 20 ग्रॅम हे माप खरेही आहे. पण संध्याकाळी चहाबरोबर शेव-परमल खाताना वाटी भरून शेव घेतली की ती 60 ग्रॅमपर्यंत सहज जाते. तेव्हा तेच टक्के तिप्पट होतात: स्निग्धांश 36, संपृक्त 46, सोडियम 27. हा एका वाटीचा हिशेब आहे. जेवण अजून व्हायचेच आहे. म्हणून टक्क्यांचा रकाना वाचण्याआधी सर्व्हिंगचे वजन पाहावे, आणि घरची नेहमीची वाटी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तिच्यात किती ग्रॅम शेव मावते ते पाहून घ्यावे. दोन पाकिटांची तुलना करताना तर सर्व्हिंगकडे बघूच नये. 100 ग्रॅमचा रकाना तेवढा पाहावा.

घटकांची यादी या तक्त्याच्या शेजारी ठेवून वाचली की दोन्ही जास्त बोलके होतात. क्रम वजनाचा असतो, आणि तो उत्पादनाच्या वेळी घातलेल्या वजनाचा. आपल्या पाकिटावर 'बेसन, पामोलिन तेल, मीठ, लवंग, लसूण, ओवा' असे लिहिले आहे असे धरू. तेल दुसऱ्या क्रमांकावर आहे एवढेच क्रमावरून कळते. ते 10 टक्के की 40 टक्के हे कळत नाही. तक्ता ते सांगतो. बेसनात मुळात 100 ग्रॅमला साधारण 5 ते 6 ग्रॅमच स्निग्धांश असतो, म्हणजे शेवेतल्या साठेक ग्रॅम बेसनाचा वाटा तीन ग्रॅमच्या आसपास. उरलेले 37 ग्रॅम तळणीच्या तेलाचे. पाकिटातल्या शेवेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तेल आहे, ही गोष्ट यादीत कुठेही लिहिलेली नसते. संपृक्त भाग 17 का, हेही तेलाच्या नावावरून उलगडते, कारण पामोलिनमध्ये तो शेंगदाणा तेलाच्या दुपटीहून जास्त असतो.

मिठाचा उपयोग यादीत मापदंडासारखा होतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. 900 मिलिग्रॅमचे सुमारे सव्वादोन ग्रॅम. त्यात खाण्याच्या सोड्याचे सोडियमही मिसळलेले असू शकते, त्यामुळे प्रत्यक्ष मीठ याहून किंचित कमीच असणार, जास्त नाही. आता यादीत मिठाच्या नंतर जे काही आले आहे, ते 100 ग्रॅममध्ये सव्वादोन ग्रॅमहून कमी आहे हे नक्की. दर्शनी बाजूला लसणाच्या पाकळ्यांचे ठसठशीत चित्र असून यादीत लसूण मिठामागे उभा असेल, तर त्या चित्राची किंमत तेवढीच.

ही युक्ती मिक्स्चरच्या पाकिटावर मात्र फसते. तिथे शेव, पोहे, शेंगदाणे, डाळ हे प्रत्येकी एक संयुक्त घटक मानले जातात आणि प्रत्येकाचे स्वतःचे घटक कंसात येतात. तेल मग शेवेच्या कंसात एकदा, पोह्यांच्या कंसात एकदा, डाळीच्या कंसात पुन्हा एकदा दिसते, आणि मीठही तसेच विखुरते. यादीच्या पहिल्या ओळीत तेलाचे नाव स्वतंत्रपणे येतच नाही. संयुक्त घटक एकूण पदार्थाच्या 5 टक्क्यांहून कमी असेल तर त्याचा कंस उघडण्याचीही सक्ती नाही, काही मिश्रके तेवढी सांगावी लागतात. गोड बिस्किटांत हेच साखरेचे होते: साखर, इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप अशी ती तीन नावांनी तीन जागी बसते आणि मैदा निर्धास्तपणे पहिल्या क्रमांकावर राहतो. बिस्किटांसाठी 2020 नंतरच्या तक्त्यातली वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ कामाची आहे, कारण तिच्यात ही सगळी नावे एका आकड्यात मिळतात. मिक्स्चरमध्ये कंस मोजत न बसता 100 ग्रॅमचा स्निग्धांश पाहावा आणि त्यातून शेंगदाण्यांचा वाटा वजा करावा. शेंगदाण्यांचे जवळजवळ निम्मे वजन त्यांच्या स्वतःच्या तेलाचे असते, म्हणून पाकिटात 10 टक्के शेंगदाणे असतील तर पाच ग्रॅम त्यांच्या नावे. बाकीचा बहुतेक सगळा कढईतला.