स्कूटरला स्वतःचा वेग कळतो तरी कसा?

परवा एकाने अगदी खात्रीने सांगितलं की इलेक्ट्रिक स्कूटरला स्पोर्ट मोड लावला की बॅटरी जास्त व्होल्टेज देते. तसं काही होत नाही हो. मोड म्हणजे कंट्रोलरमधे, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या सर्किटमधे, लिहून ठेवलेले दोन-तीन आकडे: कमाल वेग किती, मोटरला करंट जास्तीत जास्त किती द्यायचा आणि थ्रॉटल दाबल्यावर तो किती पटकन वाढवायचा. अ‍ॅपमधून मोड बदलला की ब्लूटूथवरून फक्त निरोप जातो, अंमलबजावणी सगळी कंट्रोलरची.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. वेग मर्यादेत ठेवायचा तर तो आधी मोजायला हवा, आणि उभं राहून चालवायच्या छोट्या स्कूटरमधे बहुतेक वेळा वेगळा स्पीड सेन्सर नसतोच! मोटर चाकातच असते, तिच्यात चुंबक गोलाकार बसवलेले असतात आणि ते समोरून जाताना ओळखणारे तीन हॉल सेन्सर असतात. समजा 30 चुंबक आहेत, म्हणजे 15 जोड्या. एक जोडी पुढे सरकली की तिन्ही सेन्सर मिळून 6 वेळा सिग्नल बदलतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीत 90 वेळा. साडेआठ इंची चाकाचा परीघ साधारण 68 सेंटीमीटर, त्यामुळे मर्यादा ताशी 25 किलोमीटर असेल तर त्या वेगाला चाक सेकंदाला सव्वादहा फेऱ्या मारतं आणि कंट्रोलरला सेकंदाला सुमारे 920 बदल दिसतात. त्याला किलोमीटर वगैरे काही कळत नाही, तो एवढंच मोजतो आणि आकडा मर्यादेजवळ आला की करंट हळूहळू कमी करतो. म्हणून लिमिटला झटका बसत नाही, जोर नुसता विरल्यासारखा वाटतो.

आता याच स्कूटरला कोणी 10 इंची चाक बसवलं आणि सेटिंग तसंच ठेवलं तर? फेऱ्या तेवढ्याच, पण परीघ सुमारे 80 सेंटीमीटर. स्क्रीनवर 25 दिसतं आणि प्रत्यक्षात वेग 29 च्या वर असतो, म्हणजे ब्रेकला जवळजवळ 38 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. टायर झिजला तर उलट, स्क्रीन थोडा जास्त वेग दाखवते. शंका असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर फोनच्या जीपीएसशी ताडून बघा.

"गुप्त ताकद जागी करा" म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांच्यावर मात्र विश्वास ठेवू नका, मोटर आणि बॅटरी तीच असते, फक्त आकडा बदलतात आणि जास्तीच्या करंटने तारा नि कंट्रोलर तापतात.

वेग लिमिटरमुळे अडलाय की बॅटरीमुळे हेही ओळखता येतं. सपाट रस्त्यावर फुल चार्जला आणि अर्ध्या चार्जला टॉप स्पीड तोच असेल तर लिमिटर, चार्जबरोबर उतरत गेला तर बॅटरीचं व्होल्टेजच पुरत नाहीये. हे उतारावर तपासू नका, कारण लिमिटर फक्त मोटरचा जोर काढून घेतो, आणि मोटर स्वतः ब्रेक लावणारी नसेल तर उतारावर स्कूटर 25 च्या पुढे खुशाल जाते.